बाळ साडेचार महिन्यांचं, आईला फ्लू: घरातल्या विलगीकरणाच्या नोंदी

ठिकाण: इंदूर, रामबागेजवळचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, दोन बाथरूम. घरात बाळाची आई (३१), बाबा (३४), बाळ (साडेचार महिने, वजन ६.२ किलो), आजोबा (७२, सीओपीडी), आजी (६८, मधुमेह आणि किडनीचं काम थोडं कमी). नोंदी घरशुश्रूषेचं काम करणाऱ्या दोन परिचारिकांच्या. औषधांचे सगळे निर्णय घरच्या डॉक्टरांचे आणि बाळाच्या डॉक्टरांचे.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

आईला काल संध्याकाळी सहाच्या सुमारास थंडी वाजून ताप भरला. आज सकाळी १०२.४, अंगदुखी, कोरडा खोकला. नाकातल्या स्वॅबची झटपट चाचणी केली, इन्फ्लुएंझा ए निघाला. (निघाला नसता तरी पुढचं सगळं हेच केलं असतं. ही चाचणी निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही असं धरता येत नाही.)

आधी संपर्काचा हिशोब. फ्लूचा रुग्ण लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू सोडतो, आणि पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त. म्हणजे परवापासूनच घरातले सगळे संपर्कात आहेत, बाळ तर रात्रंदिवस कुशीत. लागण झाल्यापासून लक्षणं यायला एक ते चार दिवस लागतात. आज सकाळी अकराला आई वेगळी झाली. तेव्हा १७ तारखेपर्यंत कुणी आजारी पडलं तर ती लागण बहुतेक आजच्या आधीची. त्यानंतर पडलं तर आपल्या व्यवस्थेत भोक आहे असं समजायचं. ही तारीख फ्रिजवर चिकटवली.

खोली कुठली, यावर सकाळी बराच वेळ गेला. आई-बाबा-बाळ झोपतात ती मागची बेडरूम आईलाच द्यावी असं घरच्यांचं म्हणणं. पण तिला बाथरूम जोडलेलं नाही, आणि वाटेतलं बाथरूम आजी-आजोबांसोबत वापरावं लागलं असतं. जोडलेलं बाथरूम आजी-आजोबांच्या खोलीला आहे आणि त्यात एक्झॉस्ट पंखाही आहे. म्हणून ती खोली आईला दिली, आजी-आजोबा मागच्या खोलीत, बाबा आणि बाळ हॉलमध्ये दिवाणावर. ऐन आजारपणात म्हाताऱ्या माणसांचं अंथरूण हलवणं कुणालाच बरं वाटत नाही, पण इथे पर्याय नव्हता.

मागच्या खोलीत आई कालपर्यंत झोपत होती, म्हणून आजी-आजोबांना लगेच आत पाठवलं नाही. दोन्ही खिडक्या चार तास उघड्या ठेवल्या, चादरी-उशांचे अभ्रे बदलले, कडी, स्विच, कपाटाची मूठ साबणाच्या फडक्याने पुसली. कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो, कपड्यावर काही तासच. तरी खरी भीती हवेची आणि हातांची आहे. फरशी फिनाईलने तीनदा पुसण्यात शक्ती घालवू नये.

डॉक्टरांनी सांगितलेली औषधं: आईला ऑसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. ताप येऊन ४८ तास व्हायच्या आत सुरू झालं, हे महत्त्वाचं. हे औषध दुधात अगदी थोडं उतरतं, स्तनपान थांबवायचं कारण नाही. आजोबांना प्रतिबंधासाठी ७५ रोज एकदा. आजींचा किडनीचा ताजा रिपोर्ट पाहून त्यांना ३० रोज एकदा. दोघांच्या कॅप्सूल वेगळ्या ताकदीच्या आहेत, म्हणून डबेही वेगळे.

बाळालाही प्रतिबंधक डोस ठरला. तीन महिन्यांखालच्या बाळाला तो सहसा देत नाहीत, साडेचार महिन्यांच्या बाळाला देता येतो. किलोला ३ मिलिग्रॅम म्हणजे १८.६ मिलिग्रॅम, रोज एकदा. आपल्याकडे मिळालेल्या बाटलीवर दर मिलीला १२ मिलिग्रॅम असं छापलं आहे, म्हणजे १.५५ मिली. मोबाईलवर सापडणारे बरेच तक्ते दर मिलीला ६ मिलिग्रॅमच्या परदेशी औषधाचे असतात. बाबांनी तसाच एक काढला होता, त्यात मात्रा ३.१ मिली दिसत होती. ती दिली असती तर थेट दुप्पट. सिरिंजवर १.५५ च्या रेषेला मार्करने खूण केली.

१३ जानेवारी, रात्र

हवेची तजवीज. आईची खोली १० बाय ११ फूट, उंची १०, म्हणजे साधारण ३१ घनमीटर. बाथरूमच्या पंख्याच्या खोक्यावर तासाला २५० घनमीटर लिहिलं आहे. जाळीला जळमटं होती ती काढली, तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मंच धरावं. म्हणजे तासाला चारेक वेळा खोलीची हवा बदलते. बाथरूमचं दार उघडं, खोलीचं दार बंद, पंखा चोवीस तास चालू.

घरच्यांनी दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला होता. तो काढायला लावला. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठूनतरी आत यावीच लागते, आणि ती हॉलमधून, दाराखालून यायला हवी. म्हणजे आईच्या खोलीतली हवा हॉलकडे येत नाही. फट बुजवली की पंखा खिडकीतून हवा ओढतो, आणि दार उघडल्या क्षणी आतली हवा हॉलमध्ये. याच कारणाने खिडकीही फक्त बोटभर उघडी ठेवली. खिडकी सताड उघडी असली तर हवा खिडकीतून पंख्याकडे जवळच्या वाटेने निघून जाते आणि दाराशी ओढ उरत नाही.

ओढ आहे की नाही हे बघायला उदबत्ती चालते, पण आजोबांच्या छातीचा विचार करून धूर टाळला. टिश्यूची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी दाराच्या खालच्या कडेला हॉलच्या बाजूने चिकटवली. खोलीच्या दिशेने वाकून फटीत ओढली जाते. दिवसातून चार वेळा बघायचं, जाता-येता.

छताचा पंखा बंद. तो आतली हवा नुसती घुसळतो आणि दार उघडलं की बाहेर ढकलतो.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

दुधाचं काल रात्री फिसकटलं. ठरलं होतं की आई पंपाने दूध काढेल आणि बाबा पाजतील. फ्लू दुधातून पसरतो असं दिसलेलं नाही. धोका आहे तो पाजताना आईच्या श्वासाचा, खोकल्याचा, हातांचा. पण बाळाने आजवर बाटली पाहिलेली नाही. बाटलीचं बोंडूक तोंडात घेतलं की जिभेने बाहेर ढकलतं. १०० मिलीतलं जेमतेम ४० मिली पोटात गेलं, बाकी दुपट्यावर. पहाटे तीनला बाळ रडून लाल, आई आत रडवेली.

सकाळी बाटली बाजूला ठेवून आजींचं जुनं चांदीचं बोंडलं काढलं. दहा मिनिटं पाण्यात उकळलं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर टेकवायचं आणि दूध ओठापर्यंतच आणायचं, बाळ जिभेने स्वतः ओढून घेतं. तोंडात ओतायचं नाही, ओतलं की ठसका लागतो. पहिल्या खेपेला ९० मिलीला पस्तीस मिनिटं लागली, दुपारपर्यंत वीस. या वयाच्या, फक्त आईच्या दुधावरच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली लागतं. आठ खेपा धरल्या तर शंभरच्या आतबाहेर.

आईकडचा क्रम: हात कोपरापर्यंत साबणाने, एन-९५ मास्क आधीच तोंडावर, मग पंप. भरलेल्या डब्याला झाकण, डबा बाहेरून ओल्या साबणाच्या फडक्याने पुसून दाराबाहेरच्या स्टुलावर. आई दार लावून आत गेल्यावर बाबा उचलतात. दूध लगेच पाजायचं किंवा फ्रिजमध्ये. कोमट करायला भांडं गरम पाण्यात ठेवायचं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. पंपाचे सुटे भाग आई आतल्याच बाथरूममध्ये वेगळ्या पातेल्यात धुते.

तापात दूध कमी झाल्यासारखं वाटतं. दर तीन तासांनी पंप आणि दिवसभरात तीन लिटर पाणी, सरबत, वरणाचं पाणी असं ठरवलं. पंप टाळला तर दूध आटतं, आणि छातीत गाठी होऊन वेगळाच ताप चढतो. मग तो फ्लूचा की गाठीचा हे कळेनासं होतं.

रात्रीच्या दोन खेपा मात्र थेट पाजायच्या, असं बाळाच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं. उपाशी, रडणारं बाळ ही धोक्याची दुसरी बाजू आहे. नवा मास्क, धुतलेले हात, अंगावर धुतलेली ओढणी. पाजणं झालं की लगेच बाबांकडे, ढेकर बाबा काढतील. खांद्यावर टाकलं की बाळाचं तोंड आईच्या तोंडाजवळ येतं, म्हणून. बाळाला मास्क नाही, दोन वर्षांखाली कधीच नाही. पाळण्यावर प्लास्टिकही टाकायचं नाही.

बाबाही बाळाला घेताना मास्क लावतात. बरे आहेत, तरी. संपर्कातला माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवशीच विषाणू सोडायला लागतो, हे त्यांना पटवायला वेळ लागला.

आजींचा हात बाळाकडे सारखा जातो. बाळाला आजीपासून जपायचं असं सगळ्यांच्या डोक्यात आहे. इथे उलटं: बाळाला लागण झाली असेल तर ते आजीला देईल, आणि लहान बाळं मोठ्यांपेक्षा जास्त दिवस विषाणू सोडतात. तेव्हा १७ पर्यंत आजी स्वयंपाकघर सांभाळणार, बाळ फक्त बाबा.

बाळाचं बोरनहाण उद्या ठरलं होतं, कॉलनीतली बारा मुलं येणार होती. रद्द नाही, पुढे ढकललं. रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आहे, तोवर करता येतं. तिळगूळ द्यायला येणाऱ्यांसाठी दारात डबा ठेवला.

१४ जानेवारी, संध्याकाळी साडेसात

पट्टी उलटी वाकलेली! हॉलकडे.

पंखा चालू, खिडकी बोटभर, दार बंद, सगळं सकाळसारखंच. फरक एकच, स्वयंपाकघरात पोळ्या चालू होत्या आणि चिमणी पूर्ण वेगावर. थंडी म्हणून हॉलच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद. चिमणी बाथरूमच्या पंख्यापेक्षा कितीतरी ताकदीची. तिला हवा कुठूनही मिळेना म्हणून ती आईच्या खोलीतून, दाराखालून ओढत होती, हॉलमधल्या पाळण्यावरून. आधी तपासलं तेव्हा चिमणी बंद होती, म्हणून दिसलं नाही.

उपाय: चिमणी लावायच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडायची. उघडल्यावर दहा सेकंदांत पट्टी पुन्हा आत वळली. फोडणीपुरती चिमणी, बाकी वेळ बंद. काल संध्याकाळीही चिमणी चालली होती, म्हणजे तेवढा वेळ संपर्क धरायला हवा. फ्रिजवरची तारीख १७ ची १८ केली.

१५ जानेवारी, बुधवार

आई: ताप १०१, पॅरासिटामॉल ६५० दर सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून त्या बंद.

आजोबांचं ऑक्सिजन विश्रांतीत ९३. हेच त्यांचं नेहमीचं, गेल्या महिन्याच्या कागदावरही ९३ आहे. त्यामुळे '९४ च्या खाली धोका' हा सर्वसाधारण नियम त्यांना लावला तर रोज घबराट. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी रेषा ९० ठरवली. सकाळी एकदा ८८ दाखवलं, बोटं गार होती. हात चोळून, पाच मिनिटं रजईत ठेवून पुन्हा: ९३. म्हाताऱ्या माणसाला फ्लूत ताप येईलच असं नाही. एकदम गळून जाणं, जेवण नको म्हणणं, तारीख-वार चुकणं, तोल जाणं हीच पहिली खूण असू शकते. आजी रोज सकाळी त्यांना पेपर मोठ्याने वाचायला लावतात, त्यात दम आणि डोकं दोन्ही कळतं.

संध्याकाळी सात: बाबांना ताप, १००.८, घसा.

फ्रिजवरच्या तारखेप्रमाणे ही आधीचीच लागण. व्यवस्था फसली असं नाही. औषध आजच रात्री सुरू. दोघांना एकच आजार धरून बाबाही आईच्याच खोलीत, वेगळ्या गादीवर. दोन आजारी माणसांना दोन खोल्या द्यायला गेलं तर आजी-आजोबांना जागा उरत नाही.

बाळ कुणाकडे? आजी नाही. आधीच बोलून ठेवलेली मावशी देवासहून रात्री दहाला आली, ऑक्टोबरमध्ये फ्लूची लस घेतलेली. पर्यायी माणूस पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावा लागतो. रात्री सातला शोधायला गेलं की शेवटी आजीच उभी राहते.

मावशीला मास्क, बोंडलं, खूण केलेली सिरिंज आणि पट्टी, चारही गोष्टी हातात देऊन समजावल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

बाळाचं नाक चोंदलं. काखेत ९९.३. पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब, मग दूध नीट गेलं. नाक बंद असलं की या वयाचं बाळ दूध ओढू शकत नाही, आणि भूक गेली असा चुकीचा अर्थ निघतो.

झोपेत श्वास पूर्ण एक मिनिट मोजले: ४२. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, लहान बाळाचा श्वास अनियमित असतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त म्हणजे जलद. त्यासोबत बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, ओठ निळसर होणं, दूध सोडणं, आठ तास लंगोट कोरडा राहणं, यातलं एकही दिसलं तर फोन करत बसायचं नाही, थेट इस्पितळ, गाडी नसेल तर १०८. लंगोट कालपासून सात ओले. डॉक्टरांना दुपारी दाखवलं, चाचणी निगेटिव्ह, छाती स्वच्छ. मोजणी दर चार तासांनी चालू ठेवायला सांगितलं.

औषधाच्या कपाटात बाळाच्या तापाच्या दोन बाटल्या सापडल्या. एक थेंबांची, १ मिलीत १०० मिलिग्रॅम. दुसरी शेजारच्या मोठ्या मुलाची, ५ मिलीत २५०, म्हणजे १ मिलीत ५०. 'एक मिली दे' असं फोनवर सांगितलं तर दोन बाटल्यांत दुपटीचा फरक पडतो. दुसरी परत पाठवली. थेंबांच्या बाटलीवर कागद चिकटवला: डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अ‍ॅस्पिरिन मुलांना कुठल्याच तापात नाही.

१९ जानेवारी, रविवार

बाळाचं नाक मोकळं, श्वास ३८. आजी-आजोबा ठीक. कालची तारीख उलटली, नवीन कुणी नाही.

आईला काल सकाळपासून पॅरासिटामॉलशिवाय ताप नाही, म्हणजे २४ तास झाले. खोकला आहे, तो दोन आठवडे राहू शकतो. नेहमीच्या घरात आज बाहेर यायला हरकत नसती. इथे बाळ आणि सीओपीडी दोन्ही आहेत, म्हणून आजाराचे पूर्ण सात दिवस धरले, आज संध्याकाळपर्यंत. त्यापुढे पाच दिवस घरात मास्क, आणि आजोबांसोबत एका खोलीत जेवण नाही, कारण जेवताना मास्क उतरतो.

बाबांना अजून ९९.८. त्यांची खोली तीच, पट्टीही तीच.

कचरा: मास्क, टिश्यू कागदात गुंडाळून गाठ मारलेल्या पिशवीत, महापालिकेच्या गाडीत सॅनिटरी कचऱ्याच्या कप्प्यात. सुक्या कचऱ्यात टाकला तर तो पुढे हाताने निवडला जातो.

२१ जानेवारी, मंगळवार

बाबांचा ताप काल दुपारपासून नाही. एक गोष्ट बघत राहायची: फ्लूचा ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा ताप, छातीत दुखणं, पिवळा-हिरवा कफ सुरू झाला तर तो वरून आलेला न्यूमोनिया असू शकतो. आईकडे तीन दिवसांत तसं काही नाही.

आई आता सगळ्या खेपा थेट पाजते, मास्क लावून. बोंडलं धुऊन परत देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात. रात्रीच्या दोन खेपा थेट ठेवल्याचा फायदा दिसला, बाळाने छातीला धरायला एकदाही नकार दिला नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

बाबा परवा रात्री बाहेर आले. खोलीचा पंखा त्यानंतर तीन तास चालू ठेवला, मग खिडक्या सताड. चादरी न झटकता गोळा केल्या, नेहमीच्या साबणात धुऊन गच्चीवर उन्हात. आजी-आजोबा आज आपल्या खोलीत परतले. आजी-आजोबांचा आणि बाळाचा प्रतिबंधक डोस २२ ला थांबवला, चिमणीनंतरच्या रात्रीपासून धरून सात दिवस पूर्ण झाल्यावर. बाबांचा त्यांच्याशी नंतरचा संपर्क दाराआडचाच होता, तरी डॉक्टरांना विचारूनच थांबवला.

बाळाला सहा महिने फेब्रुवारीअखेर पूर्ण होतील. फ्लूची लस त्याआधी देता येत नाही. पहिल्या वर्षी दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने. पहिल्याची तारीख डॉक्टरांकडे लिहून आली. आजी-आजोबांची लस राहिलीच होती, ती पुढच्या आठवड्यात. घरात येऊन गेला तो एक प्रकार, लशीत बाकीचेही आहेत.

बोरनहाण २ फेब्रुवारी, रविवार. बारा ऐवजी पाच मुलं, गच्चीवर, ऊन असताना. निमंत्रणाच्या फोनवर मावशी एकच प्रश्न विचारते: घरात कुणाला सर्दी-ताप? पाचातल्या एकाला आहे, त्याची बोरं घरी पोचवायची.